नवे बिलिंग सुरू करताना: सगळे एका दिवसात, की एकेक काउंटर?

नवी बिलिंग सिस्टीम घेतल्यावर पहिला वाद होतो तो सुरू करण्याच्या पद्धतीवरून. एका रात्रीत सगळीकडे जुने बंद आणि नवे सुरू, याला बिग बँग म्हणतात. आधी एक शाखा, मग दुसरी, हा टप्प्याटप्प्याचा मार्ग. धीट मालक पहिला निवडतो, जपून वागणारा दुसरा. पण हा निर्णय स्वभावावर सोडायचा नसतो. तुमचा माल, पार्टीची उधारी आणि बिलाचे नंबर यांपैकी काय वेगळे करता येते आणि काय येत नाही, यावर तो ठरतो.

पूर्ण लेखासाठी एकच उदाहरण धरू. ठाण्यातला इलेक्ट्रिकल मालाचा एक वितरक आहे. मुख्य ऑफिस आणि मोठे गोडाऊन वागळे इस्टेटला, दुसरे गोडाऊन तुर्भ्याला आणि एक छोटे काउंटर कळव्याला. दिवसाची बिले अनुक्रमे १४०, ६० आणि ४०. मालाचे ४,२०० प्रकार, ९०० पार्ट्या, आणि तिन्ही ठिकाणे एकाच जीएसटी नंबरखाली. उलाढाल ५ कोटींच्या वर असल्यामुळे नोंदणीकृत पार्टीच्या प्रत्येक बिलाला ई-इनव्हॉइस लागते. ही अट १ ऑगस्ट २०२३ पासून आहे. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण अशा धंद्यात साधारण असेच चित्र दिसते.

आधी सांधा शोधा

सांधा म्हणजे जिथून धंदा दोन भागांत वेगळा करता येतो ती जागा. तो शोधायला मागच्या तीन महिन्यांची विक्री जुन्या सिस्टीममधून एक्सेलमध्ये काढा. पार्टीचे नाव आणि बिल कुठून झाले, एवढे दोन कॉलम पुरतात. कोणत्या पार्ट्या एकाहून जास्त ठिकाणांहून माल उचलतात ते मोजा. मग एका गोडाऊनमधून दुसरीकडे माल किती वेळा जातो ते मोजा.

आपल्या उदाहरणात वागळे आणि तुर्भे या दोन्हीकडून माल घेणाऱ्या पार्ट्या ८४ निघाल्या आणि एकूण उधारीतला ३८ टक्के भाग त्यांचा आहे. या दोन गोडाऊनमध्ये रोज दोन टेम्पो ये-जा करतात. कळव्याचे चित्र वेगळे. तिथे आसपासचे वायरमन आणि छोटे दुकानदार येतात, वागळेशी सामाईक पार्ट्या फक्त ६ आणि माल आठवड्यातून दोनदा जातो.

म्हणजे सांधा वागळे आणि कळवा यांच्यामध्ये आहे. वागळे आणि तुर्भे यांच्यात सांधा नाही.

तो नसताना कापले तर काय होते, ते एका पार्टीवर पाहू. एका काँट्रॅक्टरची उधारीची मर्यादा ५ लाख आहे. वागळेच्या जुन्या सिस्टीममध्ये त्याचे ४ लाख ६० हजार येणे आहे. तुर्भे नव्या सिस्टीमवर गेले आहे आणि तिथे त्याच्या नावावर शून्य दिसते. तो तुर्भ्याहून ३ लाखांची केबल उचलतो आणि नवी सिस्टीम काही न बोलता बिल काढून देते. आता त्याच्याकडे ७ लाख ६० हजार अडकले आणि दोन्ही स्क्रीनवर सगळे ठीक दिसते. अशा ८४ पार्ट्या असतील तर वहीत हाताने ताळा ठेवून निभाव लागत नाही.

टप्पे पाडण्याचे आणखी दोन मार्ग लोक सुचवतात. पहिला: रोखीची किरकोळ बिले आधी नव्यावर, उधारीची नंतर. पण दोन्ही बिलांचा माल एकाच रॅकवरून निघतो. दोन सिस्टीम त्याच रॅकमधून माल वजा करायला लागल्या की चार दिवसांत दोन्हीकडचा स्टॉक खोटा पडतो. दुसरा: आधी फक्त बिले, स्टॉक नंतर. मग स्टॉकची नोंद जुन्यात हाताने करावी लागते आणि ती संध्याकाळवर ढकलली जाते. आमचे स्पष्ट मत आहे की ज्याचा माल एका छपराखाली आहे त्याने त्या छपरामध्ये टप्पे पाडू नयेत.

त्यामुळे इथे उत्तर मिश्र येते. कळवा आधी, एकटे. त्यानंतर एक महिन्याने वागळे आणि तुर्भे एकत्र, एकाच रात्री. तुमचे एकच दुकान असेल तर टप्प्यांचा प्रश्नच येत नाही, बिग बँगच करा आणि पुढची तयारी नीट वाचा. दुसऱ्या राज्यातली शाखा वेगळ्या जीएसटी नंबरवर असेल आणि तिच्या पार्ट्याही वेगळ्या असतील, तर ती निर्धास्तपणे वेगळा टप्पा करता येते.

तारीख

महिन्याची पहिली तारीख धरा. जीएसटीआर-१ महिन्याचा भरायचा असतो. मध्येच १७ तारखेला बदल केला तर अर्धा महिना एकीकडे आणि अर्धा दुसरीकडे राहतो, आणि मालाच्या एचएसएन कोडनुसार करायची बेरीज दोन एक्सेल जोडून करावी लागते. १ एप्रिल कागदावर सगळ्यात स्वच्छ वाटते, पण तेव्हा अकाउंट्सवाले वर्षअखेरच्या कामात बुडालेले असतात. गणपती ते दिवाळी हा काळ तर सोडूनच द्या. जुलै-ऑगस्टला धंदा मंद असतो, पण मुसळधार पावसात लोकल बंद पडली आणि डोंबिवली-बदलापूरहून येणारी माणसे पोहोचली नाहीत तर पहिल्याच दिवशी काउंटर रिकामे.

२०२६ चे कॅलेंडर इथे सोयीचे आहे. १ मे, महाराष्ट्र दिन, शुक्रवारी येतो. कळव्याचे काउंटर त्या दिवशी बंद, म्हणजे बदलायला आख्खा दिवस मिळतो आणि शनिवारी २ मेपासून नवी बिले. १ जून सोमवारी येतो, म्हणजे मोठ्या बदलासाठी ३१ मेचा रविवार मोकळा.

मधल्या महिन्याची किंमतही आधी मान्य करा. मे महिन्याचा जीएसटीआर-१ एकाच जीएसटी नंबरचा असल्यामुळे दोन सिस्टीममधून जोडावा लागेल. ई-इनव्हॉइसची बिले पोर्टलवरून आपोआप येतात. ग्राहकांची किरकोळ बिले आणि एचएसएनची बेरीज मात्र हाताने करावी लागते. कळव्याच्या रोजच्या ४० बिलांसाठी हे काम महिन्याला अर्ध्या दिवसाचे आहे. त्या ६ सामाईक पार्ट्यांना मेभर फक्त वागळेहून माल द्या. आणि वागळेहून कळव्याला जाणारा टेम्पो जुन्यात जावक आणि नव्यात आवक असा दोन्हीकडे त्याच दिवशी चढवा. ही नोंद कोण करणार, त्या एका माणसाचे नाव आधी लिहून ठेवा.

बिलाचा नंबर

जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असतो. त्यात अक्षरे, आकडे, `-` आणि `/` एवढेच चालते, आणि एका आर्थिक वर्षात तो एका जीएसटी नंबरखाली पुन्हा येता कामा नये. एकाहून जास्त मालिका ठेवायला मात्र पूर्ण परवानगी आहे, आणि म्हणूनच वर्षाच्या मध्ये सिस्टीम बदलता येते. जुनी मालिका जिथे आहे तिथे थांबवायची आणि नवी वेगळ्या अक्षरांनी सुरू करायची.

```
जुनी  : WE/26-27/07012   (वागळे, शेवटचे बिल)
नवी   : W2/26-27/00001
तुर्भे : T2/26-27/00001
कळवा  : K2/26-27/00001
चूक   : TURBHE/2026-27/00001   (20 अक्षरे)
```

जुनीच मालिका नव्यात ०७०१३ पासून पुढे न्यावी असा मोह होतो. तसे करू नका. शनिवारी रात्री जुन्यात एक बिल उशिरा निघाले तर सोमवारी नव्यातही तोच नंबर पडतो, आणि पोर्टल दुसरे बिल नाकारते. वेगळी अक्षरे असली की कोणता कागद कोणत्या सिस्टीमचा हे वर्षभरानंतरही नंबर बघूनच कळते. क्रेडिट नोटची मालिकाही अशीच वेगळी ठेवा. जीएसटीआर-१ मध्ये प्रत्येक मालिकेचा पहिला नंबर, शेवटचा नंबर आणि रद्द झालेली बिले द्यावी लागतात, म्हणून शनिवारी रात्री जुन्या मालिकांचे शेवटचे नंबर कागदावर लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्या.

जुनी बिले नव्यात मारून बघा

दोन्ही सिस्टीम महिनाभर एकत्र चालवू, असे जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. बिलिंगमध्ये ते चालत नाही. काउंटरवरचा माणूस तेच बिल दोनदा मारत नाही, दुसरे संध्याकाळी मारतो आणि तिसऱ्या दिवसापासून मारतच नाही. शिवाय दोन्ही सिस्टीम पोर्टलला जोडलेल्या असतील आणि नंबर वेगळे असतील तर एकाच विक्रीवर दोन ई-इनव्हॉइस तयार होतात आणि कर दुप्पट दिसतो.

त्याऐवजी मागच्या महिन्यातली २०० खरी बिले घ्या आणि नव्या सिस्टीमच्या चाचणीच्या प्रतीमध्ये जशीच्या तशी चढवा. साधी २०० बिले घेऊन उपयोग नाही. मुद्दाम अडचणीची निवडा: दोन सवलती असलेली, वाहतूक खर्च लावलेली, परराज्यातली, माल परत आलेली, मीटरमध्ये विकलेली. मग पैशापर्यंत ताळा घ्या.

सगळ्यात जास्त फरक सवलतीत निघतो. या धंद्यात सवलत "साडेबारा अधिक तीन" अशी बोलली जाते. १८५ रुपयांचे ७ नग म्हणजे १,२९५ रुपये. आधी १२.५ टक्के वजा केले की १,१३३.१३ उरतात, त्यातून ३ टक्के वजा केले की १,०९९.१३. पण नव्या सिस्टीममध्ये कोणी सवलतीच्या चौकटीत सरळ १५.५ टाकले तर रक्कम १,०९४.२८ येते. एका ओळीत ४ रुपये ८५ पैसे गेले. असा फरक कोणाच्या डोळ्यात भरत नाही आणि महिन्याला हजारो ओळींत मुरतो.

दुसरी जागा एककाची. घरगुती वायरचे बंडल ९० मीटरचे असते. जुन्यात स्टॉक बंडलमध्ये, नव्यात मीटरमध्ये, आणि आयात करताना गुणाकार राहिला तर ६० बंडल वायर ६० मीटर होऊन बसते. पहिल्याच दिवशी "स्टॉक नाही" म्हणून बिल अडते. उलटी चूक जास्त घातक: दर बंडलचा राहिला आणि एकक मीटर झाले तर पार्टीला ९० पट बिल जाते. म्हणून एकक बदलणाऱ्या प्रत्येक मालाची वेगळी यादी करा आणि ती मालाची माहिती असलेल्या गोडाऊनच्या माणसाकडून तपासून घ्या, सॉफ्टवेअरवाल्याकडून नव्हे.

तिसरी जागा कराच्या दराची. दर मालाच्या नोंदीत तारखेसह हवा. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. त्याआधीच्या बिलावर आता माल परत आला तर क्रेडिट नोटवर त्या बिलाचाच दर लागतो, आजचा नाही. एक जुने बिल घेऊन क्रेडिट नोट काढून बघा. सिस्टीम आजचा दर लावत असेल तर तारखेनुसार दर ठेवण्याची सोय तिच्यात नाही किंवा सुरू केलेली नाही.

येणे बाकी बिलानुसार आणा

पार्टीची एकच शेवटची बाकी आणून खाते उघडणे सोपे असते. पण पहिल्याच आठवड्यात पार्टी म्हणते, "हा चेक १२ एप्रिलच्या बिलाचा," आणि नव्या सिस्टीममध्ये ते बिलच नसते. किती दिवसांचे येणे आहे, व्याज कशावर लावायचे, कोणाचा माल थांबवायचा, यातले काहीच कळत नाही. म्हणून प्रत्येक न भरलेले बिल नंबर, तारीख आणि उरलेली रक्कम यांसह आणा.

यात एक नेहमीचा खड्डा आहे. उदाहरणातल्या वितरकाची जुन्या खातेवहीतली एकूण येणे बाकी २,४१,१८,६५० रुपये होती. बिले आयात केल्यावर नव्यात २,४३,४२,९०० आली, म्हणजे २,२४,२५० रुपये जास्त. शोधल्यावर ३१ पार्ट्यांचे १,९७,२५० रुपये सापडले, जे आले होते पण कुठल्याच बिलाला लावलेले नव्हते, नुसते खात्यावर जमा. उरलेले २७,००० न लावलेल्या क्रेडिट नोटचे. आयातीच्या फाईलमध्ये फक्त बिले होती, जमेची बाजू राहून गेली.

नव्यातली रक्कम जुन्यातल्या रकमेपेक्षा जास्त आली तर जमा बाजू राहिली असे समजा. कमी आली तर पार्ट्याच राहिल्या असतील, बहुतेक बंद किंवा स्थगित केलेल्या खात्यांच्या. आणि फरक रुपयापर्यंत शून्य होईपर्यंत पुढे जाऊ नका. "दोन लाखांचा फरक नंतर बघू" म्हणून सुरू केलेले काम वर्षअखेरीला बाहेर येते, तेव्हा शोधणे दसपट अवघड झालेले असते.

स्टॉकला इतका काटेकोरपणा रविवारी शक्य नाही. ४,२०० प्रकार एका दिवसात मोजता येत नाहीत. किमतीने वरचे ४०० प्रकार प्रत्यक्ष मोजा, बहुतेक पैसा त्यांतच असतो. बाकीचे पुस्तकातल्या आकड्यांनी आणा आणि पुढच्या सहा आठवड्यांत रॅकवार मोजत चला.

अर्धवट कामांचे तीन प्रकार वेगळे हाताळावे लागतात. माल गेला पण बिल झाले नाही अशी चलने शनिवारी संध्याकाळपर्यंत जुन्यात बिल करून संपवा. बाकी राहिलेल्या ऑर्डर नव्यात हाताने चढवा, त्या निमित्ताने मेलेल्या ऑर्डर गळून पडतात. अर्धा आलेला खरेदीचा माल उरलेल्या संख्येने नव्यात आणा.

पोर्टल आणि छपाई

ई-इनव्हॉइसची चाचणी सरकारच्या सँडबॉक्सवर होते. तिथला आयआरएन, म्हणजे तो ६४ अक्षरांचा नोंदणी क्रमांक, दिसायला खऱ्यासारखाच असतो, पण त्याला काही किंमत नाही. म्हणून रविवारी सॉफ्टवेअरवाल्याच्या शेजारी बसून पत्ता, युजर नेम आणि पासवर्ड सँडबॉक्सचे काढून खरे टाकल्याची खात्री करा. सोमवारी पहिले बिल झाल्यावर पोर्टलवर स्वतः लॉगिन करून ते दिसते का बघा. सिस्टीमवर हिरवी खूण आली हा पुरावा नव्हे.

पार्ट्यांचे जीएसटी नंबर आयातीआधी पोर्टलवर तपासा. रद्द झालेला नंबर, चुकीचा पिनकोड किंवा राज्याशी न जुळणारा पत्ता असला की बिल अडते, आणि ते अडते टेम्पो भरून उभा असताना. ९०० पार्ट्यांची ही साफसफाई दोन माणसांना तीन-चार दिवसांचे काम आहे, शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

पहिल्या दिवसांत एक एरर हमखास येते: `2150`, म्हणजे या बिलाचा आयआरएन आधीच तयार आहे. इंटरनेट अडखळले, विनंती पोर्टलला पोहोचली, पण उत्तर परत आले नाही, तेव्हा हे होते. काउंटरवरचा माणूस घाबरून नव्या नंबरने बिल काढतो आणि एका विक्रीची दोन बिले होतात. योग्य उपाय असा की बिलाचा नंबर देऊन पोर्टलवरून आधीचाच आयआरएन मागवून घ्यायचा. हे बटण सिस्टीममध्ये कुठे आहे ते प्रत्येक काउंटरवर कागदावर लिहून चिकटवा. तोच मजकूर आणि तोच नंबर पुन्हा पाठवला तर नुकसान होत नाही, नवा नंबर दिला की होते.

छपाईसाठी एक छोटी पण विसरली जाणारी गोष्ट. ई-इनव्हॉइसचा क्यूआर कोड खूप दाट असतो. जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर त्याचे ठिपके एकमेकांत मिसळतात. नव्या नमुन्यात बिल छापून जीएसटीएनच्या ई-इनव्हॉइस व्हेरिफायर ॲपने तो कोड वाचला जातो का बघा. वाचला जात नसेल तर कोडचा आकार वाढवा किंवा काउंटरला लेझर प्रिंटर द्या. इंटरनेटची दुसरी लाईनही वेगळ्या कंपनीची आणि वेगळ्या मार्गाने आलेली हवी. रस्त्याच्या खोदकामात एकाच चरातली दोन्ही फायबर एकदम तुटतात, म्हणून दुसरी जोडणी मोबाईल नेटवर्कची असली तर उत्तम.

माणसांचा वेग

वागळेला सकाळी १० ते १ या तीन तासांत ७० बिले होतात, दोन काउंटरवर. म्हणजे एका काउंटरला १८० मिनिटांत ३५ बिले, एका बिलाला जेमतेम पाच मिनिटे. नव्या स्क्रीनवर तेच बिल सात मिनिटांचे झाले तर ३५ बिलांना २४५ मिनिटे लागतात, म्हणजे सकाळची रांग दोन वाजून गेल्यावर संपते. तोवर दुपारच्या फेरीचे टेम्पो आलेले असतात आणि दिवस हातातून जातो.

म्हणून प्रशिक्षण झाले की नाही हे विचारू नका, घड्याळ लावून मोजा. प्रत्येक बिलिंगवाल्याने त्याच २०० बिलांतली ३० बिले स्वतः मारावीत आणि शेवटच्या दहांची सरासरी पाच मिनिटांच्या आत यावी. नसेल तर बहुतेकदा दोष माणसाचा नसून मालाच्या नावांचा असतो. जुन्यात `2.5 लाल` टाइप केले की वायर सापडायची, नव्यात लांबलचक कंपनी-कोड टाकावा लागतो. जुनी टोपणनावे मालाच्या नोंदीत शोधशब्द म्हणून घाला, वेग लगेच सुधारतो. पहिल्या आठवड्यात तरीही तिसरे काउंटर सुरू ठेवा. कळव्याच्या मुलांनी एक महिना नव्यावर काढलेला असतो, त्यांच्यातला एक जण १ जूनला वागळेला आणून बसवा. कळवा आधी करण्याचा हा फायदा कोणत्याही मॅन्युअलपेक्षा मोठा आहे.

शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ

१. शनिवार ३० मे, संध्याकाळी ७. जुन्यातले शेवटचे बिल. शेवटचे नंबर लिहून सह्या. लगेच सगळ्यांचे जुन्या सिस्टीममधले नोंद करण्याचे अधिकार काढा, फक्त बघण्याचे ठेवा. हे राहिले तर सोमवारी कोणीतरी सवयीने जुन्याच आयकॉनवर क्लिक करून बिल काढतोच.

२. रात्री ९. जुन्याचा बॅकअप दोन ठिकाणी. तो दुसऱ्या संगणकावर उघडून एक खाते बघा. न उघडलेला बॅकअप धरू नका.

३. रविवार सकाळ. एकीकडे ४०० प्रकारांची मोजणी, दुसरीकडे येणे, देणे आणि ऑर्डर यांची आयात. दुपारी मोजलेला स्टॉक चढवा.

४. रविवार दुपारी ४. निर्णय. खालच्या प्रश्नांचे उत्तर कागदावर हो किंवा नाही:
येणे बाकीचा फरक शून्य आहे का? देणे बाकीचा? स्टॉकच्या एकूण किमतीतला प्रत्येक फरक कशामुळे हे सांगता येते का? २०० बिलांचा ताळा लागला का? खऱ्या पोर्टलची जोडणी तपासली का? तिन्ही ठिकाणी छपाई झाली का?

एकही "नाही" असेल तर सोमवारी जुन्यावरच काम करा आणि १ जुलैची तारीख धरा. रविवारी चारला थांबणे फुकट असते: अधिकार परत द्यायचे आणि जुनी मालिका आहे तिथून पुढे न्यायची.

५. सोमवार सकाळ. पहिली दहा बिले दोघांनी मिळून, ओळीओळीने बघून.

सोमवारचे पहिले ई-इनव्हॉइस निघाले की माघारीचा अर्थ बदलतो. ते पोर्टलवर फक्त २४ तासांत रद्द करता येते, रद्द केलेला नंबर पुन्हा वापरता येत नाही, आणि तोवर माल पार्टीकडे पोहोचलेलाही असतो. म्हणून त्यानंतर परत जायची वेळ आली तर निघालेली बिले रद्द करू नका. ती वैध आहेत. त्यांचेच नंबर आणि आयआरएन ठेवून ती जुन्यात हाताने चढवा, पोर्टलला पुन्हा पाठवू नका, आणि पुढची बिले जुन्या मालिकेत काढा. दुपारी १२ ला ४० बिले असताना हे दोन तासांचे काम आहे. गुरुवारी ८०० बिले झाल्यावर ते अशक्य असते. त्यामुळे आमचा आग्रह असा की माघारीची शेवटची वेळ सोमवारी दुपारी १२ ही ठरवावी, आणि त्यानंतर काहीही झाले तरी नव्यातच दुरुस्ती करत पुढे जावे.

नुसती सिस्टीम दोन तास बंद पडली तर त्यासाठी एक राखीव मालिका, समजा `E2`, आणि एक्सेलमधला बिलाचा नमुना तयार ठेवा. ई-इनव्हॉइस पोर्टलवर एकगठ्ठा अपलोड करण्याची सोय आहे, तिची चाचणी मे महिन्यातच करून घ्या.

पहिला महिना

रोज संध्याकाळी तीन आकडे जुळवा. नव्यातली नोंदणीकृत पार्ट्यांची बिले आणि पोर्टलवरचे आयआरएन यांची संख्या सारखी हवी. प्रत्येक मालिकेत मधला नंबर गळालेला नको. रोख, यूपीआय आणि चेक यांची बेरीज गल्ला व बँकेशी जुळावी. पहिल्या आकड्यात फरक आला तर तो त्याच दिवशी सोडवा, कारण २४ तासांनंतर पोर्टलवर रद्द करता येत नाही आणि मग क्रेडिट नोटचा लांबचा रस्ता उरतो.

आठवड्यातून एकदा सगळ्यात मोठ्या २० पार्ट्यांना खातेउतारा पाठवा. उतारा चुकला तर पार्टी एका दिवसात फोन करते, आणि हा फोन जूनमध्येच आलेला बरा.

११ जुलैपर्यंत जूनचा जीएसटीआर-१ जाईल. तो एकाच सिस्टीममधून निघणारा पहिला महिना आहे. पोर्टलवर आपोआप आलेली ई-इनव्हॉइस आणि सिस्टीममधला विक्रीचा अहवाल ५ जुलैलाच समोरासमोर ठेवा, म्हणजे सहा दिवस हाताशी राहतात.

जुनी सिस्टीम पुसू नका. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. सॉफ्टवेअरचे भाडे वर्षाला भरायचे असेल तर ते बंद करण्याआधी सगळी बिले पीडीएफमध्ये आणि खाती एक्सेलमध्ये काढून घ्या. मग एखादे जुने बिल नंबरावरून दोन मिनिटांत सापडते का, हे सॉफ्टवेअर न उघडता करून बघा.